अकरा प्रश्न आणि मोडीचं पातेलं

ऑगस्टमधल्या एका सोमवारी एक मुलगी माझ्याकडे सल्ल्याला आली ती थोडी चिडूनच. आदल्या दिवशी कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत मुलगा बघून झाला होता. बघून म्हणजे भेटून, हल्ली दोघंच भेटतात. पाऊण तासात भेट संपली, बिल अर्धं अर्धं झालं आणि रात्री मुलाच्या मामांचा निरोप आला, "मुलगी हुशार आहे, पण आमच्या भाच्याला जरा दडपण आलं." भाचा मामांना प्रत्यक्षात काय म्हणाला होता ते नंतर कळलं: "कंपनीतला इंटरव्ह्यू बरा होता, निदान आधी पाणी हवंय का विचारलं होतं."

नाशकात लग्नाआधीच्या समुपदेशनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या दोघांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं देत नाही. ती अठ्ठावीस वर्षांची, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. वडील नाशिकरोडला सरकारी नोकरीत होते, आता निवृत्त. तो तिशीचा, सॉफ्टवेअरमध्ये, आठवड्यातून दोन दिवस मुंबईच्या ऑफिसला जातो, बाकी घरून काम. राहायला इंदिरानगरला, आणि निफाड तालुक्यात घरची द्राक्षबाग.

तिने मला मोबाइलमधली यादी दाखवली. मैत्रिणींनी मिळून केलेले अकरा प्रश्न. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, सेव्हिंग किती, कर्ज आहे का, फिरायला आवडतं का, स्वयंपाक येतो का, बायकोच्या नोकरीबद्दल मत काय, असे. एकही प्रश्न वाईट नव्हता. मी तिला म्हटलं, भेट जशी झाली तशी सांग. तिला ती जवळजवळ शब्दशः आठवत होती, तिच्या कामाची सवय असावी.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"टीम लीड होईन. मग बघू."

"सेव्हिंग किती होतं महिन्याला?"

"सध्या फार नाही."

"फार नाही म्हणजे?"

"म्हणजे… होईल हळूहळू."

"हॉबीज?"

तिसऱ्या उत्तराशी काहीतरी दडलेलं होतं, हे आपल्याला बाहेरून लगेच दिसतं. तिलाही तेव्हा जाणवलं होतं. पण यादीत पुढचा प्रश्न छंदांचा होता, म्हणून ती छंदांकडे गेली. माझ्या मते भेट तिथेच बिघडली. प्रश्न पैशाचा होता म्हणून नव्हे, उत्तर ऐकून न घेता दुसरा प्रश्न आला म्हणून. समोरच्याला कळतं की आपण जे बोललो ते कुठेतरी टिकमार्क होऊन गेलं. मग तोही टिकमार्कापुरतंच बोलतो. हार्वर्डच्या काही संशोधकांनी २०१७ मध्ये स्पीड डेटिंगमधली संभाषणं तपासली होती. जे लोक समोरच्याच्या उत्तरावरूनच पुढचं विचारत, त्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळत होता. नुसते नवे नवे प्रश्न विचारण्याशी त्याचा संबंध नव्हता, उत्तराला धरून विचारण्याशी होता.

मी आधी यादीलाच हात घातला. प्रत्येक प्रश्नापुढे तिला एकच गोष्ट लिहायला लावली: कोणतं उत्तर आलं तर तू हे स्थळ नाकारशील? अर्धा तास गेला. फिरायला आवडत नाही म्हणाला तर? नाही नाकारणार. स्वयंपाक येत नाही? शिकेल. टीम लीड झाला नाही? काही फरक पडत नाही. अकरापैकी आठ प्रश्नांना नकार देण्यासारखं उत्तरच नव्हतं. ते प्रश्न म्हणजे चौकशी केल्याचं समाधान, दुसरं काही नाही. उरले तीन. तिला पुढे जे स्वतःचं काम काढायचंय ते याला पेलेल का? याच्या डोक्यावर घरच्या पैशाचं ओझं किती? आणि रोजचा दिवस, म्हणजे कोण कुठे, किती वाजता, कोणाबरोबर, हे जमेल का?

यादी छोटी करण्याचा खरा फायदा वेळ वाचण्याचा नसतो. तीनच गोष्टी कळून घ्यायच्या असल्या की माणूस घाई करत नाही, एका विषयावर वीस मिनिटं राहू शकतो.

दुसरी गोष्ट तिला जड गेली. या तिन्हींबद्दल स्वतःचं काय ते तिने त्याला सांगितलंच नव्हतं. स्वतःचं काम काढायचंय, हे वाक्य पाऊण तासात एकदाही आलं नव्हतं. "ते मी सांगितलं असतं तर त्याने तसंच उत्तर दिलं असतं ना, मला बरं वाटेल असं." शंका रास्त आहे. पण मत विचारलं तर माणूस बरं वाटेल असं बोलतो. घडलेली गोष्ट सांगितली तर तो त्या गोष्टीवर बोलतो, आणि काय बोलतो त्यावरून कळतं. म्हणून मी तिला सांगितलं: ज्या विषयाचं उत्तर हवंय त्या विषयातली तुझी एक खरी गोष्ट आधी सांग, शक्यतो जिच्यात तू फार शहाणी दिसत नाहीस अशी. मग गप्प बस. गप्प बसणं तिला सर्वांत अवघड.

पुन्हा भेटण्याचा निरोप तिनेच पाठवला: "मागच्या वेळी मी तुमची मुलाखतच घेतली. सॉरी. मिसळ खायला याल का?" थेट कबुली देऊन मोकळं होणं नेहमीच बरं. मागची भेट झालीच नाही असं वागलं की समोरचा पुढच्या यादीची वाट बघत बसतो. तो हो म्हणाला, पण त्याला त्याच सकाळी भांडी बाजारात काम होतं. आईला पितळी परात हवी होती. ती म्हणाली, मीही येते.

इथे नशिबाने साथ दिली, कारण पैशाच्या सवयी कळायला दुकानासारखी जागा नाही. तो कापडी पिशवीतून एक चेपलेलं पातेलं घेऊन आला होता, मोडीत द्यायला. परात काट्यावर ठेवली गेली, वजन, भाव आणि मजुरी असा हिशेब झाला. मग पातेलं काट्यावर चढलं आणि मोडीचा कमी भाव लागला. घासाघीस त्याने केली नाही. मात्र परात पुन्हा काट्यावर ठेवायला लावली, कारण पहिल्यांदा दुकानदाराचा हात परातीच्या कडेला टेकलेला होता. दुसऱ्यांदा वजन थोडं कमी भरलं. तो काही बोलला नाही, नव्या आकड्याने पैसे देऊन बाहेर आला.

तिला हे फार आवडलं. हिचं अख्खं कामच मोजमापाचं. पण आवडलं म्हणून तिने प्रश्न विचारला नाही, स्वतःची गोष्ट सांगितली, आणि ती ठरवलेली नव्हती. पहिल्या वर्षी पगार सुरू झाल्यावर तिने हप्त्यावर महागडा फोन घेतला होता आणि वडिलांना सांगितलं होतं की कंपनीने दिला. घरी पद्धत अशी की एक तारखेला पगार आला की पाकिटं व्हायची: किराणा, वीज, शिक्षण, आजारपण. हप्त्यावर काही घेणं म्हणजे जवळपास पाप. चौदा महिने तिने तो फोन घरात जपून वापरला. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी वडिलांनी विचारलं, "संपले का गं हप्ते?" त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

तो हसला, आणि थोड्या वेळाने मिसळीच्या टेबलावर आपणहून बोलायला लागला. त्यांच्या घरी एक तारीख नावाची गोष्टच नव्हती. पैसा यायचा तो माल गेला की, फेब्रुवारी-मार्चात. तोवर खतं-औषधं उधारीवर, दुकानदाराची वही. माल चांगला गेला की वही कोरी, ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीची फी, सगळं एका महिन्यात. माल वाया गेला की वही पुढच्या वर्षावर. "मला महिन्याचं बजेट हा शब्दच नोकरी लागल्यावर कळला."

तिने विचारलं, "मग वाया गेला की काय करता?"

हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता. उत्तर असं आलं: दोन हंगाम बेमोसमी पावसाने मणी तडकले, वडिलांच्या नावावरचं कर्ज वाढलं. गेली दोन वर्षं हा पगारातून महिन्याला पंचवीस हजार घरी देतो. हातात बहात्तर हजार येतात. अजून साधारण तीन वर्षं चालेल असा त्याचा अंदाज. म्हणून सेव्हिंग "सध्या फार नाही."

बघा, उत्तर तेच. पहिल्या भेटीत त्याचा अर्थ तिने उधळ्या असा लावला होता. दुसऱ्या भेटीत तोच माणूस काट्यावर परात दोनदा ठेवणारा आणि पगाराचा तिसरा हिस्सा बापाच्या कर्जात घालणारा निघाला. यात तिच्यासाठी सगळं गोड आहे असं नाही, पंचवीस हजार म्हणजे पंचवीस हजार. पण आता ती खऱ्या गोष्टीचा विचार करू शकत होती.

कामाचा विषयही तसाच निघाला. तिने पुढचा बेत सांगितला नाही, एक फजिती सांगितली. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तिच्या टेबलावरच्या व्हर्नियर कॅलिपरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे ते बरोबर मोजतं याचा दाखला, चार दिवसांपूर्वीच मुदत संपलेलं निघालं. त्या व्हर्नियरने मोजलेली सगळी लॉट थांबवली. उपकरण बाहेरच्या प्रयोगशाळेत गेलं, परत यायला बारा दिवस लागले आणि ते बारा दिवस तिने साहेबांच्या समोर जाणं टाळलं. तेव्हापासून डोक्यात आहे की अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांसाठी कॅलिब्रेशनची लहानशी प्रयोगशाळा काढावी.

त्याने मान डोलावून "छान आहे कल्पना" म्हटलं असतं तर मी तिला सावध केलं असतं. त्याने विचारलं, "एवढ्याला बारा दिवस का लागतात?" मग तिने सांगितलं की लांबीची मापं वीस अंश सेल्सिअसला धरून घेतात, खोली तशीच ठेवावी लागते, उपकरण आधी त्या तापमानाला यावं लागतं, आणि मुळात प्रयोगशाळेत रांग असते. त्यावर तो: "आणि लाईट गेली तर?" मग इन्व्हर्टर, मग मशीनच्या किमती, मग मान्यतेसाठी लागणारी कागदपत्रं. अर्धा तास दोघं त्या वीस अंशांच्या खोलीत होते. "बायकोच्या नोकरीबद्दल मत काय" या प्रश्नाला पुरुष काय उत्तर देतात ते मी शेकड्यांनी ऐकलंय, सगळे "सपोर्टिव्ह" असतात. मुलीच्या कामाबद्दल तिसरा प्रश्न कोण विचारतो, तिकडे मी बघते. या पद्धतीत कसोटी अशी कुठेही लिहिलेली नसते, पण ही त्यातल्या त्यात भरवशाची.

एक चूक तिच्याकडून याही भेटीत झाली. कर्जाचं ऐकल्यावर ती एकदम जुन्या वळणावर गेली: एकूण किती, व्याज काय, कोणाकोणाच्या नावावर? सलग तीन. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि उत्तरं पुन्हा आखूड झाली. "आहे तसं थोडं." आखूड उत्तर आणि चमचा, ग्लास, फोन यांच्याकडे वळलेला हात, ही खूण ओळखायला शिकावं. ती शिकली होती. थांबली आणि म्हणाली, "परत मुलाखत सुरू झाली का?" तो म्हणाला, "झाली." विषय तिथे राहिला आणि त्या दिवशी राहिला हे बरं झालं.

पण आकडे तसेच सोडून द्यायचे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. गप्पांमधून वृत्ती कळते, रक्कम कळत नाही. कर्ज, जामीनकी आणि घरी नियमित जाणारे पैसे या गोष्टी मोठ्यांच्या बैठकीआधी सरळ विचारायच्याच. फक्त आधी सांगून: पुढच्या भेटीत आकड्यांचं बोलू, माझेही आणते, तुमचेही आणा. सांगून विचारलेला सरळ प्रश्न कोणाला टोचत नाही. गप्पांच्या पोटात लपवलेला मात्र टोचतो.

यांना त्यासाठी वेळही मिळाला, कारण मध्ये पितृपक्ष आला आणि बैठक आपोआप पंधरा दिवस पुढे गेली. (पितृपक्षाचा असा उपयोग मी पुष्कळदा करून घेते. घरचे फोन बंद असतात.) तिसऱ्या भेटीत दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढून आणला. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात आपण कोणाला जामीन असलो तर तेही दिसतं, आणि माणसं नेमकी हीच गोष्ट विसरतात. त्याच्या रिपोर्टात चुलतभावाच्या गाडीच्या कर्जाची जामीनकी निघाली. लपवली नव्हती, खरोखर लक्षात नव्हती. तिच्या रिपोर्टात एक क्रेडिट कार्ड निघालं, जे तिने बंद केलंय असं तिला वाटत होतं. दोघंही थोडे ओशाळले आणि त्यामुळे बरोबरीत आले.

या रिपोर्टाला मर्यादा आहे, आणि शेतीवाल्या घरात ती मोठी आहे. वडिलांच्या नावावरचं सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज मुलाच्या रिपोर्टात येत नाही. ते दिसतं सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बोजा म्हणून. आणि सातबारा ऑनलाइन कोणीही बघू शकतं. तिच्या मामांनी तो बघितलाच होता! पितृपक्ष संपायच्या आत त्यांनी तिच्या वडिलांना फोन करून सांगितलं, "बोजा आहे जमिनीवर, लपवतायत." वडिलांनी तिला बोलावलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. त्याने मला महिन्यापूर्वी मिसळ खाताना सांगितलं. किती उरलंय तेही माहीत आहे." वडील काही बोलले नाहीत. फोनच्या हप्त्यांच्या वेळीही ते असेच गप्प राहिले होते म्हणे.

तिसरा मुद्दा, रोजचा दिवस, तो मला वाटलं होतं त्याहून सोपा निघाला आणि एका जागी अडला. छंद विचारण्याऐवजी तिने विचारलं, "गेल्या बुधवारी काय काय केलंत?" बुधवार म्हणजे मुंबईचा दिवस. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस, पासवाल्यांचा ठरलेला डबा, कोणाचे पोहे, कोणाचा चहा, आणि रात्री नऊ-साडेनऊला परत. जेवून झोप. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस हा घरात नसल्यातच जमा. तिने आपला बुधवार सांगितला: सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे बारा. दोघांनी कागदावर आठवडा मांडला, तर एकत्र जेवण आठवड्यात तीनदा जमत होतं. त्यांना ते पुरेसं वाटलं. मला कमी वाटलं, पण संसार मला करायचा नाही.

अडलं ते मार्चवर. द्राक्षाचा माल निघतो तेव्हा हा सुट्टी काढून बागेत असतो, सगळं घर असतं. बायकोनेही यावं का? तो म्हणाला, "आईला तसं वाटतं. मला काय वाटतं ते मलाच नक्की माहीत नाही." आणि तिच्या कंपनीत मार्च म्हणजे वर्षाअखेरीचं ऑडिट. मी दोघांना म्हटलं, हे उघडंच ठेवा, पण बैठकीत झाकून ठेवू नका.

दसऱ्यानंतर ती एका रविवारी निफाडला जाऊन आली. बागेत छाटणी उरकली होती, बायका हातमोजे घालून वेलींच्या डोळ्यांना पेस्ट लावत होत्या, नवी परात ओट्यावर पालथी घातलेली होती. त्याच्या आईने चहा दिला, समोर बसल्या आणि कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "मार्चात सुट्टी मिळेल का गं तुला?"

"नाही हो आई. ऑडिट असतं."

"शनिवार-रविवार?"

"येईन."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि कांदे चिरायला उठल्या. तो दारात उभा होता. मी महिनाभर शब्द शोधत होतो, असं नंतर तिला म्हणाला.